सहल, ट्रेक, मोहीम, वारी : नावात दडलेलं नियोजन

हरिश्चंद्रगडाला निघालोय, असं कुणी सांगितलं तर त्यातून फारसं काही कळत नाही. पण सहलीला निघालोय, ट्रेकला निघालोय किंवा मोहिमेवर निघालोय, असं म्हटलं की बरोबर कोण असणार, पाठीवर काय असणार, किती वाजता परत फिरावं लागणार आणि न पोहोचता परतलं तर चालणार का, हे सगळं त्या एका शब्दातून समजायला हवं. मराठीत प्रवासाला भरपूर शब्द आहेत. त्यातला प्रत्येक शब्द एक वेगळा करार आहे, असं मला वाटतं. पत्रकात किंवा निरोपात चुकीचा शब्द पडला, तर माणसं चुकीच्या तयारीनं येतात आणि त्याची किंमत डोंगरात मोजावी लागते.

हरिश्चंद्रगडच उदाहरण म्हणून घेऊ, कारण या एका डोंगरावर जवळपास सगळे शब्द लागू पडतात. गड सुमारे १,४२४ मीटर उंच. वर हरिश्चंद्रेश्वराचं दगडी मंदिर, केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्यात उभं असलेलं मोठं शिवलिंग आणि पश्चिमेला कोकणात सरळ तुटून पडणारा कोकणकडा. वर जायच्या वाटा अनेक आहेत. राजूरच्या बाजूनं पाचनई, माळशेज घाटाच्या बाजूनं खिरेश्वर आणि कोकणातल्या बेलपाड्यातून वर येणारी नळीची वाट, या तीन वाटांवर प्रवासाचा शब्द कसा बदलतो ते पाहण्यासारखं आहे.

पाचनईहून गडावर जायला दोन ते तीन तास लागतात. वाट मळलेली आहे, कड्याच्या पोटातून जाते, आणि वर मंदिराजवळ गावकऱ्यांकडे पिठलं-भाकरी मिळते. हिवाळ्यात चालायची सवय असलेलं कुटुंब इथून आरामात जाऊन येतं. याला सहल म्हणता येतं. सहल म्हणजे निव्वळ सोपा प्रवास, एवढाच तिचा अर्थ घेणं पुरेसं नाही. सहलीत माणसं आधी आणि ठिकाण नंतर येतं. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याचा वेग हाच सगळ्यांचा वेग, आणि ठिकाण गाठलं नाही तरी सहल फसत नाही. जुलैत पाचनईला पोहोचलात आणि वाटेतले ओढे फुगलेले दिसले, तर गावातच थांबून जेवून माघारी यायचं. पोरं पावसात भिजली, सगळे एकत्र जेवले, सहल झाली. ज्याला हे मान्य नाही, ‘एवढ्या लांब आलोय तर गड बघूनच जायचा’ असं ज्याला वाटतं, त्यानं आपल्या कार्यक्रमाला सहल म्हणू नये. शाळेच्या सहलीत तर ही गोष्ट जास्तच लागू पडते. तिथे पालकांनी संमतीपत्रावर सही केलेली असते ती ‘सहल’ हा शब्द वाचून. त्यांनी मुलाला ओढा ओलांडायला पाठवलेलं नसतं.

खिरेश्वरची वाट वेगळी. ती टोलार खिंडीतून जाते, वर पोहोचायला चार-पाच तास लागतात, आणि खिंडीच्या पुढे कातळाचा टप्पा आहे. तिथे आधाराला रेलिंग लावलेलं आहे. कातळ संपला की आपण पोहोचलो, असं नवख्याला वाटतं. खरी दमछाक मात्र त्यानंतर होते. पुढे झाडीतून चढ-उतारांच्या टेकड्या लागतात, एक ओलांडली की दुसरी समोर. धुकं असेल तर इथे वाट चुकणं अगदी सोपं आहे. या वाटेला ट्रेक म्हणायचं.

ट्रेक हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला. इंग्रजीत तो दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या भाषेतून आला, आणि तिथे त्याचा संबंध बैलगाड्या ओढत केलेल्या लांबच्या स्थलांतराशी होता. सह्याद्रीत त्याचा अर्थ पक्का झाला आहे : आपलं ओझं आपल्या पाठीवर, आणि चालणं हेच जाण्याचं कारण. त्यामुळे ट्रेकचं नियोजन ठिकाणापासून सुरू न होता वेळेपासून सुरू होतं. अंधार कधी पडतो ते पाहायचं, उतरायला लागणारा वेळ त्यातून वजा करायचा, वर तासभराची मोकळीक ठेवायची, आणि जी वेळ उरते तिला माघारीची वेळ म्हणायचं. हिवाळ्यात साडेसहाला अंधार होतो असं धरा. खिरेश्वरला उतरायला चार तास धरले आणि एक तास राखीव ठेवला, तर दुपारी दीडला जिथे असाल तिथून परत फिरायचं. दीड वाजता तुम्ही मंदिरापासून अर्ध्या तासावर असलात तरीही. ही वेळ आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवली असेल तर गडावर वाद होत नाहीत. ऐनवेळी ठरवायला बसलात तर जो सर्वांत उत्साही असतो त्याचं ऐकलं जातं.

मुक्कामी ट्रेक असेल तर हा हिशोब सैल होतो, पण पाठीवरचं ओझं वाढतं आणि ओझ्यामुळे वेग उतरतो. एका वाटेनं चढून दुसऱ्या वाटेनं उतरायचा बेतही बरेच जण करतात. खिरेश्वरनं वर आणि पाचनईनं खाली. नकाशावर तो सुंदर दिसतो. मात्र गाडीला खिरेश्वरहून पाचनईला डोंगराला मोठा वळसा घालून यावं लागतं. हे चालकाशी आधी बोललेलं नसेल तर रात्री दमलेली माणसं गावात ताटकळत बसतात.

आता नळीची वाट. बेलपाड्यातून कोकणकड्याच्या बाजूनं ती वर चढते. मोठमोठ्या दगडांनी भरलेल्या ओढ्यातून सुरुवात होते, मग दोन कड्यांमधली अरुंद घळ लागते आणि घळीत कातळाचे टप्पे येतात. चांगल्या तयारीच्या गटालाही वर यायला आठ-दहा तास लागतात, आणि पावसाळ्यात ही वाट घ्यायचीच नसते, कारण वरचं सगळं पाणी आणि त्याबरोबर येणारे दगड त्याच घळीतून खाली येतात. या वाटेचा आणि खिरेश्वरचा मुख्य फरक अवघडपणाहून मोठा आहे. खिरेश्वरला कुठूनही परत फिरता येतं. नळीत कातळाचा एक टप्पा चढून गेलात की खाली उतरणं हे वर जाण्यापेक्षा कठीण असतं. म्हणजे माघारीची वेळ इथे जवळजवळ सुरुवातीलाच येऊन जाते. पहिल्या टप्प्याखाली उभं राहून नेत्याला ठरवावं लागतं, की हे सगळे जण वर पोहोचतील का.

आणि इथे माणसांच्या संख्येचा हिशोब फार निर्दय असतो. बारा जणांचा गट आहे, दोर लावावा लागतो असे तीन टप्पे आहेत आणि प्रत्येकाला एका टप्प्यावर आठ मिनिटं लागतात, असं समजू. एका टप्प्याला ९६ मिनिटं. तिन्ही मिळून पावणेपाच तास, आणि त्यातला बहुतेक वेळ बाकीचे अकरा जण नुसते उभे. चालायला लागणारे आठ तास त्यात मिळवले की पहाटे पाचला निघालेला गट संध्याकाळी सहाच्या आसपास वर येतो, तोही काहीच बिघडलं नाही तर. तीच वाट सहा जणांनी घेतली तर दोन-अडीच तास सरळ वाचतात. त्यामुळे ‘कितीही जण या’ असं लिहून नळीच्या वाटेचं आमंत्रण दिलेलं दिसलं, तर ते वाचूनच समजावं की लिहिणाऱ्यानं हा हिशोब केलेला नाही.

नळीच्या वाटेला काही जण अवघड ट्रेक म्हणतात, काही मोहीम. माझं मत असं की दोर, नेता आणि ठरवून दिलेली कामं आली की मोहीम सुरू झाली. मोहीम हा शब्द फारसी-अरबीच्या वाटेनं मराठीत आला. मुळात त्याचा अर्थ महत्त्वाचं काम, आणि मराठ्यांच्या इतिहासात तो लष्करी स्वारीसाठी रुळला. आजही त्याच्यातला कामाचा भाग गेलेला नाही. मोहिमेला एक उद्दिष्ट असतं, ते साधलं की नाही हे स्पष्ट सांगता येतं, आणि ते न साधण्याची शक्यता पहिल्या दिवसापासून धरलेली असते. प्रत्यक्ष कोकणकडा चढून जाणं ही निःसंशय मोहीम. हजार फुटांहून अधिक उंचीचा, मध्येच पोट आत गेलेला हा कडा प्रस्तरारोहणाची साधनं घेऊन, टप्प्याटप्प्यानं, काही दिवस खर्चून चढावा लागतो. आधी पाहणीची वेगळी फेरी होते. पाणी आणि सामान वर ओढून घेणारे वेगळे, आघाडीला चढणारा वेगळा, खाली थांबून संपर्क ठेवणारा वेगळा.

हिमालयातल्या मोहिमांत ही वाटणी आणखी ठळक दिसते. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेनं २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टची मोहीम केली आणि तिचे आठ गिर्यारोहक शिखरावर पोहोचले. अशा मोहिमेत शिखर कुणी गाठायचं हे प्रत्येकाच्या इच्छेवर नसतं. कुणाला छावणीतच थांबायला सांगितलं जातं, आणि तोही त्याच मोहिमेचा भाग असतो. ट्रेकला पैसे भरून आलेल्या माणसाला असं थांबवलं तर तो नाराज होईल आणि त्याचं फारसं चुकलंही नाही म्हणता येईल, कारण त्यानं तसा करार केलेला नव्हता. मोहिमेवर आलेल्यानं तो केलेला असतो.

महाशिवरात्रीला याच हरिश्चंद्रगडावर यात्रा भरते, आणि त्या दिवशी डोंगर तोच असला तरी नियोजनाचं सगळं गणित उलटं होतं. सहलीत दिवस बदलता येतो, ट्रेकमध्ये वाट बदलता येते, मोहिमेत हवामानाची वाट पाहता येते. यात्रेत तिथी हलत नाही. म्हणून यात्रेचं नियोजन शेवटाकडून मागे येत करतात : दर्शन कोणत्या दिवशी, त्याच्या आदल्या दिवशी कुठे, त्याआधी कुठे.

याचं सर्वांत मोठं आणि सर्वांत नेटकं उदाहरण म्हणजे आषाढी वारी. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. बाहेरच्या माणसाला वाटतं की लोक चालत सुटतात आणि पोहोचतात. प्रत्यक्षात प्रत्येक मुक्काम, प्रत्येक विसावा आणि रथाच्या पुढे-मागे चालणाऱ्या दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली. दिंडीत नाव नोंदवलेल्याला तंबू, जेवण आणि पाण्याच्या टँकरची सोय दिंडीकडून मिळते. त्याचं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं. म्हणजे ट्रेकमधला ‘आपलं ओझं आपल्या पाठीवर’ हा नियम इथे नाही. इथला नियम आहे, आपल्या दिंडीबरोबर राहायचं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांची गफलत बहुधा तारखेत होते. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला आली. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ती दरवर्षी मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. मागच्या वर्षीच्या तारखा धरून कचेरीत रजा मागितलेल्याला त्या परत बदलून घ्याव्या लागतात. दुसरी गफलत अंतराची. अडीचशे किलोमीटर भागिले दिवस केले की रोजचं चालणं तेरा-चौदा किलोमीटर निघतं आणि माणूस निश्चिंत होतो. पण सगळे टप्पे सारखे नाहीत. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाणारा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तो चालण्याच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत येतो, जेव्हा पायांना अजून सवय झालेली नसते. बहुतेकांच्या पायाला फोड येतात ते इथेच. दोन दिवस चालायला मिळणार असतील तर लोक नेमका हाच टप्पा निवडतात, घाटातलं दृश्य पाहायचं म्हणून. त्यांनी आधी महिनाभर रोज आठ-दहा किलोमीटर चालून पाहावं, आणि नवीन बूट घालून तर मुळीच जाऊ नये.

असे एक-दोन दिवस चालून आलेले लोक ‘वारी केली’ म्हणतात तेव्हा मला तो शब्द थोडा ताणलेला वाटतो. वारी म्हणजे पुन्हा पुन्हा जाणं, नेमानं जाणं. एकदा जाऊन आलेला माणूस वारीत चालला. वारकरी तो, जो पुढच्या वर्षीचं जाणं गृहीत धरूनच घरी परततो. हा फरक भाविकतेपुरता नाही. नियोजनातही तो दिसतो. वारकऱ्याला काय न्यायचं याची यादी लागत नाही, त्याच्या दिंडीत त्याची जागा असते, वाटेवरच्या गावांत त्याची ओळख असते.

परिक्रमेत नेमाच्या जागी नियम येतात. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब. तिची पायी परिक्रमा म्हणजे एका काठानं मुखापर्यंत आणि दुसऱ्या काठानं उगमापर्यंत, असं करत निघाल्या ठिकाणी परत येणं. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही. अमरकंटकला उगमाच्या पलीकडून वळता येतं. दुसऱ्या टोकाला, भडोचच्या पुढे, नदी समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरहून मिठी तलाईपर्यंत नावेनं खाडी ओलांडावी लागते, आणि नाव भरतीच्या वेळेवरच सुटते. परंपरेप्रमाणे परिक्रमेला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात, चातुर्मासात एका जागी थांबून. आज बरेच जण कार्तिकात निघून पुढच्या पावसाळ्याच्या आत ती पुरी करतात.

पण परिक्रमा हाच शब्द गाडीनं पंधरा-वीस दिवसांत होणाऱ्या फेरीलाही वापरतात, आणि चैत्रात गुजरातमध्ये तिलकवाडा आणि रामपुरा यांच्या दरम्यान, नदी उत्तरेकडे वाहते त्या छोट्या भागाला घातल्या जाणाऱ्या एका दिवसाच्या फेरीलाही. तिला उत्तरवाहिनी परिक्रमा म्हणतात. तिन्ही आपापल्या जागी योग्य आहेत, पण त्यांची तयारी एकमेकींना मुळीच उपयोगी पडत नाही. उत्तरवाहिनीला एका दिवसाचं पाणी, टोपी आणि नदी ओलांडायच्या नावेसाठी रांगेत उभं राहायची तयारी पुरते, आणि चैत्राचं ऊन टाळायला लोक रात्री किंवा पहाटे चालतात. पायी परिक्रमेला मात्र पाठीवर कमीत कमी सामान, कारण महिनोन्‌महिने तेच वाहायचं असतं, आणि रात्री कुठे राहायचं याचं उत्तर त्या त्या दिवशी काठावरच्या आश्रमात किंवा गावात मिळतं. आधी मुक्काम आरक्षित करून पायी परिक्रमेला निघता येत नाही. ज्याला त्याशिवाय झोप लागत नाही, त्यानं गाडीची परिक्रमा निवडावी, त्यात कमीपणा काही नाही.

हाच शब्द भारतीय नौदलानं समुद्रावर नेला. २००९ च्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि पृथ्वीला वळसा घालून मे २०१० मध्ये मुंबईलाच परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. नौका गोव्यात बांधलेली, नाव गोव्याच्या नदीचं आणि मोहिमेचं नाव ‘सागर परिक्रमा’. ते नाव चपखल आहे, कारण शिडाच्या नौकेनं पृथ्वीप्रदक्षिणा केली असं मानलं जावं यासाठीही नियम आहेत : निघाल्या बंदरातच परत यायचं, सगळी रेखावृत्तं आणि विषुववृत्त ओलांडायचं, किमान २१,६०० सागरी मैल अंतर कापायचं, आणि सुएझ किंवा पनामासारख्या कालव्यातून जवळची वाट घ्यायची नाही. कालवा वर्ज्य म्हणून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालावाच लागतो. तिथे त्यातल्या त्यात निभावण्यासारखं हवामान डिसेंबर ते फेब्रुवारीत असतं, आणि त्यावरून मागे मोजत आलं की भारतातून निघायचा काळ ऑगस्ट-सप्टेंबर येतो. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी २०१७ च्या सप्टेंबरमध्ये गोव्याहून ‘तारिणी’तून निघाल्या त्या याच हिशोबानं, आणि जानेवारीत त्यांनी केप हॉर्न पार केलं.

वाटेत बंदरात थांबायचं की नाही, हे नियमांत नाही. ते प्रत्येक मोहिमेनं स्वतः ठरवायचं. दोंदे चार बंदरांत थांबले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच ‘म्हादेई’ घेऊन कुठेही न थांबता परिक्रमा पुरी केली. त्यांच्या बाबतीत कुठल्याही बंदराला लागणं म्हणजे उद्दिष्ट सोडणं ठरलं असतं, त्यामुळे पाच महिन्यांचं अन्न आणि दुरुस्तीचं सगळं सामान पहिल्या दिवशीच नौकेवर असणं भाग होतं. ‘तारिणी’च्या नियोजनात मुळातच थांबे होते. परतीच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला तेव्हा ती मॉरिशसला पोर्ट लुईस बंदरात गेली, तिथे दुरुस्ती झाली, आणि २१ मे २०१८ रोजी, निघाल्यापासून २५४ दिवसांनी, सहाही जणी गोव्यात उतरल्या. मॉरिशसचा थांबा मूळ आखणीत नव्हता, पण त्यानं परिक्रमेचा एकही नियम मोडला नाही.